सिगरेटचा जुना वास आणि भिंतीवरचा पिवळा चिकटा: भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली मुळापासून कशी साफ करायची

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, जुन्या सिगरेटचा वास हवेत नसतो, तो भिंतीवर असतो. म्हणजे आधीच्या भाडेकरूने वर्षानुवर्षं खोलीत बसून सिगरेटी ओढल्या, त्या धुरातलं टार आणि निकोटिन छतावर, भिंतींवर, पंख्याच्या पात्यांवर, कपाटाच्या वर, पडद्यांत जाऊन बसलं, त्याचा एक पातळ चिकट थर तयार झाला, त्यावर धूळ चिकटली आणि आता तो थर रोज थोडा थोडा वास सोडतोय. खिडक्या उघड्या ठेवल्या की वास कमी झाल्यासारखा वाटतो, पण दोन दिवस घर बंद ठेवलं किंवा हवा दमट झाली की परत तोच कोंदट वास. रूम फ्रेशनर मारून, अगरबत्ती लावून, कापूर ठेवून काहीही होत नाही, फक्त दोन वासांची खिचडी होते. थर निघाला तर वास जाईल, एवढंच सूत्र आहे, आणि खालचं सगळं तो थर काढण्याबद्दल आहे.

आणि हा विषय फक्त नाक मुरडण्याचा नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक संयुगं तयार होतात. 2011 च्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की सिगरेट ओढणारे लोक घर सोडून गेले, घर साफसूफ केलं, साधारण दोन महिने रिकामं राहिलं, तरी नवीन राहायला आलेल्यांच्या घरातल्या धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटिन सापडत होतं. घरात रांगणारं बाळ असेल तर हे काम सामान लावायच्या आधीच उरकून घ्या, कारण बाळं जमिनीवर हात टेकतात आणि तोच हात तोंडात घालतात.

आधी बघा की नक्की काय आहे

एक पांढरं सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि भिंतीच्या वरच्या भागात, छताच्या जवळ, तळहाताएवढ्या जागेवर हलक्या हाताने पुसा. वरच का, तर गरम धूर वर जातो, त्यामुळे छत आणि भिंतीचा वरचा भाग सगळ्यात जास्त भरलेला असतो, खाली कमरेच्या उंचीला पुसून बघितलं तर तुम्हाला वाटेल फार काही नाहीये. फडक्यावर पिवळट तपकिरी डाग आला आणि बोटाला चिकट लागला तर तो सिगरेटचा राप आहे. पण फडक्यावर भिंतीचाच रंग खडूसारखा उतरला तर मात्र थांबा, ती भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची आहे आणि ती धुता येत नाही, पाणी लावलं की रंगच निघून येईल आणि चट्टे पडतील. तशी भिंत असेल तर तुमचा मार्ग वेगळा आहे, तो शेवटी सांगितलाय.

बाकीच्या खुणा पण लगेच ओळखू येतात. भिंतीवरची फोटोफ्रेम किंवा घड्याळ काढा, मागे स्वच्छ पांढरा चौकोन दिसतो का बघा. स्विचबोर्डची प्लेट मूळची पांढरी की पिवळी हे कडेला नखाने खरवडून कळतं. बाथरूमच्या भिंतीवर, विशेषतः गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, मधाच्या रंगाचे बारीक थेंब ओघळलेले दिसत असतील तर तो बहुतेक वाफेने सुटलेला टार असतो, लोक त्याला गंज किंवा पाइपची गळती समजतात आणि प्लंबरला बोलावतात.

काहीही हात लावायच्या आधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, पुसून बघितलेल्या त्या एका तुकड्यासकट. आणि घरमालकाला मेसेज करा, फोनवर बोलू नका, लेखी असू दे. असं काहीतरी पुरे आहे: 'काका, बेडरूमच्या भिंतींवर आणि छतावर सिगरेटचा पिवळा थर आहे, फोटो पाठवतोय. मी सौम्य सोड्याच्या पाण्याने धुऊन घेणार आहे. धुतल्यावर डाग राहिले तर रंग लावायला लागेल, त्याचं कसं करायचं ते सांगा.' हे का म्हणून करायचं, तर उद्या घर सोडताना 'तुम्हीच भिंत खराब केली' असं म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले जाऊ नयेत. रंग लावायचा, पडदे बदलायचे, गादी काढून टाकायची, हे सगळं मालकाचं आहे, परवानगीशिवाय करू नका.

सामान

फार काही लागत नाही. धुण्याचा सोडा, म्हणजे वॉशिंग सोडा, खायचा सोडा नव्हे, हे दोन वेगळे आहेत आणि या कामासाठी खायचा सोडा फार दुबळा पडतो. भांडी घासायचं लिक्विड. पांढरं व्हिनेगर. दोन बादल्या, एक सोड्याच्या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची. भरपूर जुनी सुती फडकी किंवा मायक्रोफायबरची, आणि भरपूर म्हणजे खरंच भरपूर, कारण ती पटापट घाण होतात. मऊ स्पंज, लांब दांड्याचा सपाट मॉप, शिडी, जमिनीवर अंथरायला प्लॅस्टिक, मास्किंग टेप.

आणि रबरी हातमोजे. हे कंपल्सरी समजा. निकोटिन कातडीतून शरीरात जातं, आणि सोड्याच्या पाण्यात ते आणखी सहज जातं, तासभर उघड्या हाताने पुसत बसलात तर डोकं दुखणं, मळमळणं असं होऊ शकतं. डोळ्यांवर साधा चष्मा असला तरी बरं, कारण छत पुसताना ओघळ थेट तोंडावर येतात.

मिश्रण असं: पाच लिटर कोमट पाणी, त्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा नीट विरघळवायचा, मग एक छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड. टार तेलकट असतं, साध्या पाण्याने ते सुटत नाही, सोडा आणि लिक्विड दोघं मिळून ते सोडवतात. जास्त सोडा टाकला की जास्त साफ असं नाही, जास्त टाकलं तर ऑइल पेंटची चमक जाते आणि भिंतीवर पांढरी पावडर राहते.

इथे एक चूक खूप लोक करतात, इंटरनेटवर पण तशीच सांगितलेली दिसते, ती म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत टाकणं. फसफस होते, भारी वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि बादलीत उरतं जवळपास खारट पाणी. दोन्ही वापरायचे, पण वेगवेगळ्या वेळी. आणि ब्लीच तर या सगळ्यात आणूच नका, ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू निघतो आणि अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळलं की क्लोरामाइनचा, दोन्ही छातीला घातक. शिवाय ब्लीच टार काढत नाही, फक्त त्याचा रंग फिका करतं, म्हणजे डाग दिसत नाही आणि वास तसाच.

आता एक खोली घेऊ

समजा बेडरूम आहे, दहा बाय बारा फुटांची, प्लॅस्टिक इमल्शनच्या भिंती, एक पंखा, एक स्प्लिट एसी, लॅमिनेटचं कपाट, एक जुना लाकडी पॉलिशचा साइड टेबल आणि मालकाचीच गादी. एका मैत्रिणीने घेतलेल्या फ्लॅटमधली खोली अगदी अशीच होती, ती आम्ही दोघींनी मिळून धुतली, तेव्हाच्या सगळ्या गोष्टी इथे आहेत.

पहिल्यांदा कापडाचं सगळं खोलीबाहेर. पडदे, गादी, पायपुसणी, उशा. ते आत ठेवून भिंती धुतल्या तर भिंतीवरून सुटलेला वास परत त्यांच्यात जाऊन बसतो. मग खोलीचा मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा, पंखा, ट्यूबलाइट, स्विचबोर्ड सगळं ओल्या फडक्याने पुसायचंय आणि करंटशी खेळ नको. स्विचबोर्डवर कधीही पाणी फवारू नका, फडकं पिळून घट्ट करा आणि पुसा, पूर्ण वाळेपर्यंत चालू करू नका.

कोरडी धूळ आधी काढा. व्हॅक्युम असेल तर ब्रशवाली नळी लावून, नसेल तर मॉपला कोरडं फडकं बांधून छत आणि भिंती झाडून घ्या. धूळ ओली केली की चिखल होतो आणि तो इमल्शनच्या बारीक खडबडीत पोतात जाऊन बसतो. पंख्याची पाती याच वेळेला. पात्याच्या वरच्या बाजूला जो काळा मऊ थर असतो ना, तो नुसता धुळीचा नसतो, टारमध्ये माखलेली धूळ असते, ती कोरडी निघत नाही, सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पात्यावर गुंडाळून मिनिटभर धरून ठेवा आणि मग ओढत बाहेर आणा. पंखा चालू केल्यावर हा थर खोलीभर वास पसरवतो, म्हणून तो राहिला तर भिंती धुऊन पण उपयोग नाही.

नंतर छत. छताला मॉप वापरा, स्पंज घेऊन शिडीवर मान वर करून तासभर उभं राहणं शक्य नाही. मॉप सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळा, टपकता कामा नये, आणि साधारण दोन फुटांच्या पट्ट्यात काम करा. पट्टा ओला करायचा, दोन ते तीन मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचा नाही, मग पुसून घ्यायचा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने परत पुसायचा. छत प्लास्टर ऑफ पॅरिसचं किंवा जिप्समचं असेल तर पाणी अगदी कमी, जास्त भिजलं की फुगतं.

आता भिंत, आणि इथली एक गोष्ट नीट वाचा. भिंत खालून वर धुवायची. ऐकायला उलटं वाटतं, सगळे वरून खाली धुतात, पण कारण आहे. वरून सुरू केलं की सोड्याचं पाणी खालच्या कोरड्या पिवळ्या भिंतीवर ओघळतं, तो ओघळ जिथून जातो तिथला चिकटा अर्धवट सुटतो आणि वाळल्यावर तिथे फिकट रेघा राहतात, त्या नंतर घासून पण जात नाहीत. खालचा भाग आधीच ओला असेल तर ओघळ त्याच्यावरून घसरून जातो, रेघ उमटत नाही. म्हणून खाली स्कर्टिंगपासून सुरू करा, तीन फूट रुंदीचा पट्टा घ्या, खालून वर स्पंज फिरवत जा, मग थांबा, मग साधं पाणी मात्र वरून खाली मारा, कारण आता सगळं सुटलेलं आहे आणि ते खाली वाहून आणायचंय.

पहिल्या पट्ट्यानंतर बादलीत बघा. मैत्रिणीच्या त्या खोलीत दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्यालाच बादलीतलं पाणी काळ्या चहासारखं झालं होतं, आणि स्पंज पिळला की त्यातून तपकिरी पाणी निघत होतं. पाणी असं झालं की लगेच फेकून नवीन करा, आळस करू नका, घाण पाण्याने भिंत पुसली की तुम्ही टार फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेताय. दहा बाय बाराच्या खोलीला सोड्याच्या पाण्याच्या चार-पाच बादल्या लागतात असं धरून चला, साध्या पाण्याच्या त्याहून जास्त.

इथे एक गोष्ट होते आणि लोक घाबरतात, धुताना खोलीतला वास कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढतो. काळजी करू नका, उलट तो काम होत असल्याचा पुरावा आहे. निकोटिन हे अल्कलीसारखं वागणारं द्रव्य आहे, भिंतीवर ते बऱ्यापैकी क्षारांच्या रूपात बांधलेलं असतं, सोड्याच्या पाण्यात ते मोकळं होतं आणि हवेत उडायला लागतं. म्हणून खिडक्या सगळ्या उघड्या हव्यात, दमा असलेल्या माणसाने या वेळी खोलीत थांबू नये.

आणि म्हणूनच व्हिनेगर शेवटी लागतं. भिंत साध्या पाण्याने धुऊन झाली, अजून किंचित ओलसर आहे, तेव्हा चार लिटर पाण्यात एक कप व्हिनेगर टाकून त्याने एकदा सगळीकडे पुसून घ्या. उरलेला सोडा मारला जातो, आणि जे निकोटिन राहिलंय ते आम्लात परत क्षार होऊन पाण्यात सहज विरघळून फडक्यावर येतं. व्हिनेगरचा वास दिवसभरात उडून जातो. फक्त संगमरवर, चुनखडीचा दगड किंवा चुना यांच्यावर व्हिनेगर लावू नका, ते दगड खातं.

मग वाळू द्या, आणि उद्या बघा. पहिल्या धुण्यात सगळं निघत नाही, जास्त ओढणाऱ्याच्या खोलीत दोन फेऱ्या लागतात, कधी तीन. दुसरी फेरी हवी का, हे ठरवायला परत तेच पांढरं फडकं: व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पिळून छताजवळ पुसा, फडकं पिवळं झालं तर अजून एक फेरी, फडकं स्वच्छ आलं तर पुरे. डोळ्याला भिंत पांढरी दिसली म्हणून थांबू नका, डोळा आणि फडकं यात फडक्यावर विश्वास ठेवा.

मेलामाइनचा पांढरा 'मॅजिक' स्पंज घेऊ का असं विचारतात. तो बारीक सँडपेपरसारखा काम करतो, डाग जातो पण रंगाची चमक पण जाते, चमकदार रंगावर फिकट गोल डाग राहतो. लहान जिद्दी डागावर चालेल, अख्ख्या भिंतीवर नको. वाफेचं मशीन पण सुरुवातीला नको, वाफ टार सोडवते आणि ते ओघळून खाली येतं, तुम्ही पुसायच्या आत वाळतं.

लाकूड, काच, अॅल्युमिनियम, एसी

लॅमिनेटचं कपाट सोड्याच्या पाण्याने पुसलं तर चालतं, फक्त सांध्यात आणि कडांना पाणी मुरू देऊ नका, लगेच कोरडं करा. पॉलिश केलेल्या लाकडाला मात्र सोडा नको, पॉलिश मंद पडतं, पांढुरकं होतं. त्याला कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, फडकं पिळून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि लगेच सुकं फडकं.

खरी गोष्ट लपलेली असते ती कच्च्या लाकडात. कपाटाच्या आत, ड्रॉवरच्या खालच्या बाजूला, टेबलाच्या पोटाखाली जिथे पॉलिशच नाही, तिथे धूर शोषला जातो आणि तो पुसून निघत नाही. माझ्या मैत्रिणीच्या टेबलाचा वरचा भाग चकचकीत झाला होता, पण ड्रॉवर ओढला की अख्खी राखेची ट्रे उघडल्यासारखा वास. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करून दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत ठेवायचा, मग आतून पारदर्शक शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, एक हात मारायचा. लाख वासाला आतच कोंडून ठेवते. मालकाचं फर्निचर असेल तर आधी विचारा.

खिडकीच्या काचेला सोड्याचं पाणी चालतं. पण स्लायडिंगच्या अॅल्युमिनियम फ्रेमला आणि पट्ट्यांना सोडा लावू नका, अॅल्युमिनियम सोड्याने काळवंडतं, तिथे फक्त लिक्विडचं पाणी आणि जुना टूथब्रश. टीव्हीच्या स्क्रीनला ना सोडा ना व्हिनेगर, किंचित ओलं मायक्रोफायबर बास.

एसी ही अशी जागा आहे की तिला विसरलात तर बाकी सगळी मेहनत वाया जाते, कारण तो खोलीतली हवा ओढून परत सोडतो, तीच हवा त्या चिकट थरावरून. फिल्टरच्या जाळ्या काढून लिक्विडच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. आतली कॉइल आणि मागचा गोल ब्लोअर मात्र घरी हात लावायचं काम नाही, त्या कॉइलच्या पातळ पट्ट्या अॅल्युमिनियमच्या असतात आणि हाताने वाकतात. एसीवाल्याला बोलावून 'वेट सर्व्हिस, ब्लोअर काढून' असं स्पष्ट सांगा, नुसतं 'सर्व्हिस' म्हटलं तर काही जण फिल्टर धुऊन निघून जातात. सर्व्हिस झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून तासभर नुसता फॅन मोडवर चालवा.

कापडाचं आणि गादीचं

पडदे धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, पाणी पिवळं होईल, ते फेका, परत भिजवा, पाणी जवळपास स्वच्छ राहीपर्यंत हे चालू ठेवा आणि मग नेहमीच्या पावडरने धुऊन उन्हात टाका. सुती आणि पॉलिस्टरला हे चालतं, रेशीम आणि लोकरीला सोडा नको, ते ड्रायक्लीनला द्या.

गादीबद्दल मी सरळ सांगते, आशा कमी आहे. फोममध्ये आतपर्यंत धूर गेलेला असतो आणि पाण्याने धुता येत नाही. वर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवायचा आणि व्हॅक्युमने ओढायचा, याने वरच्या कापडाचा वास थोडा कमी होतो, आतल्याचं काही होत नाही. आधीचा माणूस बिछान्यात पडून ओढत असेल तर मालकाला फोटो पाठवून गादी काढून घ्यायला सांगा आणि स्वतःची आणा. सोफ्याला मात्र फॅब्रिकवर फवारून मशीनने ओढणारी सर्व्हिस करून घेतली तर बराच फरक पडतो, कारण तिथे मळकं पाणी खरंच बाहेर काढलं जातं.

धुतलं तरी पिवळं राहिलं तर

भिंत चुना किंवा डिस्टेंपरची निघाली, किंवा फडकं स्वच्छ येतंय पण भिंतीवर पिवळसर ढग दिसतात, तर आता रंगच. डिस्टेंपरच्या भिंतीला आधी कोरडं खरवडून मोकळे पापुद्रे काढून घ्या. आणि इथे सगळ्यात मोठा धोका म्हणजे धुतल्याबरोबर थेट पाण्याचा रंग, इमल्शन, लावणं. पाण्याचा रंग ओला असताना खाली राहिलेला टार त्यात विरघळतो आणि वर येतो, चार-आठ दिवसांत नव्या पांढऱ्या भिंतीवर पिवळे चट्टे उमटतात, मग दुसरा हात मारा, तिसरा मारा, चट्टे येतच राहतात. रंगारी म्हणेल 'अहो दोन हात मारले की दिसणार नाही', त्याला नम्रपणे नाही म्हणा.

मध्ये अडवणारा थर पाहिजे. शेलॅकचं प्रायमर सगळ्यात चांगलं, डाग आणि वास दोन्ही अडवतं. ते मिळालं नाही तर तेलाच्या बेसचं स्टेन ब्लॉकिंग प्रायमर. पाण्याच्या बेसचं साधं प्रायमर या कामाला पुरत नाही. धुतलेली भिंत किमान दोन दिवस पूर्ण वाळू द्या, एक हात प्रायमर, वाळल्यावर एका कोपऱ्यात इमल्शनचा छोटा चौकोन मारून दोन दिवस बघा, पिवळं वर आलं नाही तर मगच अख्खी खोली. शेलॅक प्रायमरमध्ये अल्कोहोल असतं, वास तीव्र असतो आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि जवळपास गॅस, दिवा, सिगरेट काही नको.

ओझोनच्या मशीनबद्दल

भाड्याने मिळणारी ओझोनची मशीन लोक सुचवतात, एका रात्रीत वास गायब म्हणून. माझा सल्ला, राहत्या घरात नको. ओझोन स्वतः फुप्फुसांना त्रास देतो, रबर आणि काही प्लॅस्टिक खराब करतो, आणि निकोटिनशी संयोग पावून दुसरी त्रासदायक द्रव्यं बनवतो, आणि थर तर भिंतीवर तसाच राहतो. एअर प्युरिफायर घ्यायचाच असेल तर नुसत्या हेपा फिल्टरवर जाऊ नका, हेपा कण पकडतो, वास वायूचा असतो आणि त्याला अॅक्टिव्हेटेड कार्बनचा जाड फिल्टर लागतो, कागदाएवढा पातळ कार्बन थर असेल तर तो दोन-चार आठवड्यांत भरून जातो. प्युरिफायर धुण्याची जागा घेत नाही, धुतल्यावर उरलेल्यासाठी आहे.

वास गेला का, हे कसं कळणार

तुमच्या नाकाला दोन दिवसांत त्या वासाची सवय होते, त्यामुळे तुम्ही खोलीत बसून 'गेला वाटतं' म्हणताय त्याला काही अर्थ नाही. सगळं धुऊन वाळल्यावर खोलीच्या खिडक्या-दारं पूर्ण दिवस बंद ठेवा, शक्यतो दमट किंवा गरम दिवशी, कारण थोडाफार राहिलेला वास तेव्हाच बाहेर येतो. मग घराबाहेर अर्धा तास चालून या आणि दार उघडून पहिला श्वास घ्या, किंवा सिगरेट न ओढणाऱ्या कोणाला तरी बोलावून काहीही न सांगता खोलीत पाठवा. वास आला तर खोलीभर नाक लावत फिरू नका, एकेक जागा वेगळी तपासा: कपाटाची दारं उघडून आत, ड्रॉवर, एसी पाच मिनिटं चालवून, दाराची वरची कड, पडद्याचा रॉड, ट्यूबलाइटची पट्टी. बहुतेक वेळा दाराची वरची कड किंवा कपाटाचं छप्पर राहिलेलं असतं, तिथे शिडीवरूनच दिसतं, आणि तिथे सोड्याच्या पाण्याचा एक स्पंज पुरतो.